पर्कोलेटरची कॉफी काढ्यासारखी का होते, आणि मोका पॉट त्याहून वेगळा कसा

प्रश्न: "ताई अमेरिकेहून येताना ८ कपांचा स्टीलचा पर्कोलेटर घेऊन आली. मी ७०-३० वाली फिल्टर कॉफी पावडर चार चमचे टाकते, पाणी वरपर्यंत भरते आणि चांगला रंग येईपर्यंत २० मिनिटं गॅसवर ठेवते. तरी कॉफी पातळ, वर घशाला लागेल इतकी कडू, आणि तळाशी गाळ. मैत्रिणीच्या मोका पॉटची कॉफी मस्त दाट होते. दोन्ही एकच ना? मग माझी अशी का?"

एकच नाहीत. पण गोंधळ होणं साहजिक आहे कारण आपल्याकडे ऑनलाइन दुकानांत मोका पॉटलाच सर्रास 'कॉफी पर्कोलेटर' म्हणून विकतात, कधीकधी तर 'स्टोव्हटॉप एस्प्रेसो पर्कोलेटर' असं सगळंच एका दमात लिहिलेलं असतं. मी गेली चौदा वर्षं कॉफी भाजतो आणि विकतो, आठवड्यातून एक तरी गिऱ्हाईक मोका घेऊन पर्कोलेटरची पावडर मागायला येतं नाहीतर उलट. ओळखायचं सोपं आहे. भांडं मधून आट्यांवर फिरवून दोन तुकडे होत असतील आणि मध्ये कुकरसारखी रबरी रिंग असेल तर तो मोका. किटलीसारखं सलग भांडं, आत एक उभी नळी, नळीवर भोकांचा डबा आणि झाकणावर काचेची घुंडी असेल तर तो पर्कोलेटर. तुमचा दुसरा आहे.

तुमच्या वर्णनातला खरा धागा म्हणजे "पातळ, तरी कडू". बऱ्याच जणांना वाटतं कडू म्हणजे स्ट्राँग, मग एकाच वेळी पातळ आणि कडू कशी असेल? असते. आणि पर्कोलेटरवाल्यांची बहुतेक तक्रार नेमकी हीच असते.

आधी आत काय चालतं ते बघू. नळीचं खालचं टोक उलट्या नरसाळ्यासारखं पसरट असतं आणि ते तळाला टेकतं. गॅस लावला की सगळ्यात आधी तापतं ते या नरसाळ्याखालचं थोडंसं पाणी. तिथे वाफेचे बुडबुडे होतात, त्यांना वर जायला नळी हाच रस्ता, आणि जाताना ते डोक्यावरचं पाणी ढकलत नेतात. फिश टँकमध्ये हवेच्या बुडबुड्यांवर पाणी वर चढतं तसंच, दाब वगैरे काही नाही. पाणी वर जाऊन झाकणाला आपटतं (घुंडीत टुपुक टुपुक दिसतं ते हेच), भोकांच्या चकतीवरून पावडरीवर सांडतं, पावडरीतून झिरपतं आणि खाली टपकतं. कुठे टपकतं? जिथून वर आलं त्याच पाण्यात. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून वर चढतंय ते नुसतं पाणी नाही, हलकी कॉफी आहे. दहाव्या मिनिटाला चांगली कॉफी पुन्हा पावडरीतून जातेय, विसाव्या मिनिटाला तीच पुन्हा.

इथे एक गोष्ट सांगतो जी सहसा कोणी सांगत नाही. "कॉफी पुन्हा पावडरीतून फिरते म्हणून कडू होते" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते अर्धंच बरोबर आहे. पर्कोलेटरमधली कॉफी इतकी पातळ असते की पावडरीतून आणखी काही ओढून घ्यायला तिच्यात भरपूर जागा असते, त्या बाबतीत ती साध्या पाण्यापेक्षा फार वेगळी वागत नाही. खरी भानगड ही की ही फेरी थांबायचं काही कारणच नाही. पाणी संपत नाही. गॅस आहे तोपर्यंत चालू. आणि हा पंप चालतोच मुळी उकळी फुटल्यावर, त्यामुळे आच कमी करून "जरा कमी गरम पाण्याने काढू" हा पर्याय नसतो. सुरुवातीला फक्त नरसाळ्याखालचं पाणी उकळत असतं आणि बाकीचं भांडं त्यामानाने थंड असतं म्हणून पहिल्या काही फेऱ्या सौम्य असतात, पण जसजसा वेळ जातो तसतसं सगळं भांडं उकळीच्या जवळ पोचतं. म्हणजे पावडरीत चांगलं काही उरलेलं नसतं नेमकं तेव्हा तिच्यावर सगळ्यात कडक पाणी पडत असतं.

आता पातळ-तरी-कडूचं कोडं. चहाचं उदाहरण घ्या, आपल्या सगळ्यांच्या हातातलं आहे. चहा हलका झाला तर कोणी पावडर वाढवतं, कोणी उकळत ठेवतं. पावडर वाढवली तर दाट होतो. उकळत ठेवला तर तुरट होतो, काढा होतो, जीभ सुकते. कॉफीचं तेच. भाजलेल्या कॉफीच्या १०० ग्रॅममधून पाण्यात विरघळू शकतं ते जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम, बाकी लाकडासारखा चोथा. त्या ३० मधले पहिले १८ ते २२ ग्रॅम निघाले की चव जमलेली असते, आंबटपणा, गोडसरपणा, वास सगळं त्यात येतं. त्यापुढे जे निघतं ते बहुतेक कडवट आणि तुरट असतं, ते सावकाश सुटतं आणि त्याला वेळ आणि उष्णता लागते. पर्कोलेटर दोन्ही फुकट देतो.

तुमचा हिशेब करून बघू. चार चमचे म्हणजे धरा २० ग्रॅम. तुमचं भांडं ८ कपांचं, अमेरिकन पर्कोलेटरचा कप साधारण १५० मिलीचा असतो म्हणजे पाणी झालं १२०० मिली. (मोकाचा 'कप' जेमतेम ५० मिलीचा, त्यामुळे '६ कप' वाचून ऑर्डर केलेला मोका घरी आल्यावर लोकांना खेळण्यातला वाटतो.) तुमच्या पावडरीत चिकोरीही मिसळलेली आहे, ती क्षणभर बाजूला ठेवू. २० ग्रॅम पावडर तुम्ही २० मिनिटं अगदी पिळून काढलीत तरी पाण्यात उतरणार सहाएक ग्रॅम. तेवढ्याच पाण्यात ६५ ग्रॅम पावडर घेऊन योग्य वेळी थांबलात तर १३ ग्रॅम उतरेल आणि तेही चांगल्या भागातलं. म्हणजे तुमची कॉफी अर्ध्याहून कमी दाट आणि वर त्यात कडवट भागच जास्त. रंग येईना म्हणून तुम्ही वेळ वाढवत गेलात, खरं तर पावडर वाढवायची होती. यात तुमची चूक नाही हो, रंग बघून थांबायचं ही चहाची सवय आहे आणि पर्कोलेटरला ती चालत नाही, तिथे घड्याळच बघावं लागतं.

आता मोका. १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्तीने तो आणला, ॲल्युमिनियमचा आठ बाजूंचा, आजही जवळपास तसाच मिळतो. खालच्या भांड्यात पाणी, त्यात नरसाळं बसतं, नरसाळ्यात पावडर, वर कॉफी जमायचं भांडं. पर्कोलेटरशी मोठा फरक हा की खालचं भांडं हवाबंद होतं, रिंग त्यासाठीच असते. पाण्याच्या वर अडकलेली हवा आणि वाफ तापून फुगते, ती पाण्याला खाली दाबते आणि पाणी नरसाळ्यातून वर पावडरीत घुसतं. हे पाणी पूर्ण उकळायच्या आतच सुरू होतं, कारण ढकलायला फुगलेली हवाही मदतीला असते. दाब थोडाच असतो, एक-दीड बार, एस्प्रेसो मशीनला साधारण ९ बार लागतात, म्हणून मोकाच्या कॉफीला एस्प्रेसो म्हणणं जरा जास्तीचं होतं. पण तेवढ्या दाबामुळे बारीक पावडरीतून पाणी जाऊ शकतं, आणि १५-१६ ग्रॅम पावडरीला पाणी लागतं जेमतेम दीडशे मिली. म्हणून तुमच्या मैत्रिणीची कॉफी दाट. पावडरीच्या मानाने पाणीच कमी आहे तिथे, जादू काही नाही.

आणि मुख्य म्हणजे पाणी एकदाच जातं. वर गेलेली कॉफी वरच्या भांड्यात राहते, परत पावडरीकडे येत नाही. खालचं पाणी संपत आलं की वाफ पावडरीतून घुसते, खर्र खर्र आवाज येतो, धार फिकट आणि फेसाळ होते. थांब म्हणून सांगणारी खूण भांडंच देतं. त्या खुणेकडे दुर्लक्ष केलंत तर मोकाचीही कॉफी घशाला लागते, कारण शेवटची ती वाफ चोथ्यातला कडवटपणा घेऊनच वर येते. माझ्याकडे मोकाची तक्रार घेऊन येणाऱ्यांतले निम्मे तरी आवाज सुरू झाल्यावर फोन बघत बसलेले असतात. धार फिकट व्हायला लागली की उतरवायचा, बूड नळाखाली क्षणभर धरायचं, झालं.

तर मोका आपणहून संपतो, पर्कोलेटर संपत नाही. बाकी सगळे फरक मला त्यामानाने किरकोळ वाटतात.

हे मी नुसतं तर्काने सांगत नाहीये. मागे एकदा दुकान बंद असताना एकच चिकमगळूरची मध्यम भाजलेली कॉफी जाड दळून पर्कोलेटरमध्ये लावली, ६०० मिली पाणी, ३६ ग्रॅम पावडर, आच बारीक. पहिला बुडबुडा घुंडीत दिसला की घड्याळ चालू, आणि दर तीन मिनिटांनी तोटीतून चहाच्या ग्लासात घोटभर काढून ओळीने ठेवत गेलो. तिसऱ्या मिनिटाची आंबटसर पाणी. सहाव्याची छान, हलकी पण स्वच्छ, मागे गुळासारखी किंचित गोडी. नवव्याची जास्त भरलेली पण शेवटाला जिभेच्या कडांना तुरट लागायला लागली होती. बाराव्याची फक्त कडू, आणि पंधराव्याची तर जळक्या दोरीसारखी, मी थुंकली. गंमत म्हणजे रंगात नवव्या आणि पंधराव्यात डोळ्यांना काडीचा फरक दिसत नव्हता.

मग दुसरं भांडं लावलं, तसंच सगळं, पण सहाव्या मिनिटाला पावडरीचा डबाच सांडशीने उचलून बाहेर काढला आणि कॉफी तशीच बारीक गॅसवर ठेवली पंधराव्या मिनिटापर्यंत. मला बघायचं होतं की दोष पावडरीतून आणखी निघण्याचा आहे की नुसतं उकळत राहण्याचा. ही कॉफी पहिल्या भांड्यातल्या पंधराव्या मिनिटाइतकी कडू नव्हती, पण चांगलीही नव्हती. वास गेलेला, चव सपाट आणि एक बोचरा आंबटपणा चढलेला, सकाळची कॉफी दुपारी गरम करून प्यायल्यावर लागतो तसा. म्हणजे पर्कोलेटरमध्ये दोन वेगवेगळी नुकसानं होतात. पावडर जास्त पिळली जाते हे एक, आणि तयार झालेली कॉफी शिजत राहते हे दुसरं. घरभर जो सुंदर वास सुटतो ना, तो कपातून गेलेला वास असतो.

तुमच्या पावडरीचंही सांगायला हवं. ७०-३० म्हणजे शंभरात तीस भाग चिकोरी. चिकोरी ही भाजलेली मुळी, ती कॉफीपेक्षा कितीतरी जास्त आणि पटकन विरघळते, रंग देते, अंगाला दाटपणा देते. आपल्या दोन मजली फिल्टरसाठी ती पावडर बारीक दळलेली असते, आणि तिथे ते बरोबर आहे कारण पाणी एकदाच ओतायचं आणि ते सावकाश थेंब थेंब खाली येतं. पर्कोलेटरच्या डब्याची भोकं मोठी, बारीक पावडर सरळ त्यातून खाली कॉफीत पडते. तो तुमचा गाळ. आणि तो नुसता तळाशी बसत नाही, उकळत्या कॉफीत मुक्काम ठोकून शेवटपर्यंत कडवटपणा सोडत राहतो, शिवाय बारीक कण म्हणजे सगळंच लवकर निघणार. माझ्या मते तुमच्या अडचणीत वेळेचा वाटा सगळ्यात मोठा, त्यानंतर ही पावडर.

पुढच्या वेळी असं करून बघा. कॉफी बिनचिकोरीची, मध्यम भाजलेली, लापशीच्या रव्याएवढी जाड दळून आणा, दुकानात "फ्रेंच प्रेसची" म्हटलं तरी कळतं. पूर्ण भांडं भरू नका, ६०० मिली पाण्याला ३६ ग्रॅम घ्या, म्हणजे पोह्यांच्या चमच्याने मोजण्यापेक्षा एकदा वजनकाट्यावर टाका आणि मग तुमच्या चमच्याचं माप लक्षात ठेवा. पाणी डब्याच्या बुडाखालीच राहिलं पाहिजे, डबा पाण्यात बुडत असेल तर तो पर्कोलेटर न राहता नुसतं उकळायचं पातेलं होतो. आधी नळी आणि डबा बाहेर ठेवून नुसतं पाणी तापवा. पाणी गायला लागलं, म्हणजे ते सूं सूं सुरू झालं आणि उकळी अजून फुटली नाही, की गॅस बारीक करून नळीसकट डबा आत सोडा, फडकं घेऊन, वाफ हाताला लागते. झाकण लावा. घुंडीत पहिला रंगीत बुडबुडा दिसला की सहा मिनिटं मोजा.

या सहा मिनिटांत घुंडीकडे लक्ष. दर दोन-तीन सेकंदांना एक टुपुक, एवढंच हवं. सतत खळखळ चालली असेल तर आच जास्त आहे. आपल्या शेगडीचा छोटा बर्नरसुद्धा कधीकधी यासाठी तेज पडतो, तेव्हा खाली जुना तवा ठेवा. सहा मिनिटं झाली की गॅस बंद, आणि लगेच झाकण उघडून डबा बाहेर काढा. ही पायरी लोक विसरतात, आणि मग गॅस बंद करूनही डब्यातला ओला चोथा शेवटचे कडू थेंब खाली टाकत बसतो. दोन मिनिटं भांडं न हलवता ठेवा, जो काही गाळ असेल तो बसेल, मग ओता. हलकी वाटली तर पुढच्या वेळी ४० ग्रॅम घ्या, मिनिटं वाढवू नका. आंबट आणि पाणचट वाटली तर मात्र एक मिनिट वाढवून बघा.

एवढं करूनही कडू लागली तर नळी बघा. ताईने नवं आणलंय की तिचं वापरलेलं? जुन्या पर्कोलेटरच्या नळीत आतून कॉफीच्या तेलाचा थर बसतो आणि तो खवट होतो. तपासायला पावडर न टाकता नुसतं पाणी पाच मिनिटं फिरवा आणि थंड करून चाखा. पाण्यालाच जुनाट तेलाची चव लागली तर दोष कॉफीचा नाहीये. बाटली धुवायचा बारीक ब्रश आणि खायच्या सोड्याचं गरम पाणी, दोन वेळा, मग साध्या पाण्याने एक फेरी. एका गिऱ्हाइकाला मी तीन वेगवेगळ्या कॉफ्या बदलून दिल्या होत्या, शेवटी भांडंच मागवून घेतलं तर नळीत बोटाला चिकटेल असा काळा थर. तेव्हापासून आधी नळीचं विचारतो.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. फार काळी भाजलेली कॉफी असेल किंवा रोबस्टा जातीचे दाणे जास्त असतील तर पर्कोलेटरमध्ये ती लवकर बिघडते, तिथे पाच मिनिटांतच थांबा. बोअरचं जड पाणी असेल तर कॉफी बोथट लागते, प्यायचं पाणीच वापरा. आणि तुम्ही दूध घालून पिता का ते लिहिलं नाहीये. पर्कोलेटरची बरोबर काढलेली कॉफीसुद्धा अंगाने हलकी असते, त्यात अर्धा कप दूध घातलंत तर कॉफी हरवते, मग लोक पुन्हा उकळायला लागतात आणि येरे माझ्या मागल्या. दुधाची हवी असेल तर मोका किंवा आपला फिल्टर. मोका घेतलात तर नेहमी लागतो त्याच मापाचा घ्या, कारण सहा कपांच्या मोकात अर्धीच पावडर टाकून नीट कॉफी होत नाही, डबा वरपर्यंत सपाट भरावा लागतो, न दाबता.

पर्कोलेटर टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. १८८९ मध्ये इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिच नावाच्या शेतकऱ्याने याच धर्तीच्या पर्कोलेटरचं पेटंट घेतलं, आणि अमेरिकेत पुढे कित्येक दशकं घरोघरी हीच कॉफी होती, १९७० च्या दशकात बटणावर चालणारी ड्रिप मशीन आली तेव्हा कुठे हा मागे पडला. आजही चुलीवर, कॅम्पिंगला, किंवा घरी आठ माणसं आलीत आणि सगळ्यांना एकदम काळी कॉफी द्यायचीये तेव्हा मोका हात टेकतो आणि हा कामाला येतो. कागदी फिल्टर लागत नाही, रिंग झिजत नाही, फुटायला फक्त ती काचेची घुंडी, तेवढी धुताना जपा.

आणि ती ७०-३० वाली उरलेली पावडर फेकू नका. घरात स्टीलचा किंवा पितळी फिल्टर असेल तर वरच्या भांड्यात तीन चमचे भरा, हलकं दाबा, उकळतं पाणी ओता आणि झाकून पंधरा-वीस मिनिटं विसरून जा. तुमची ती वीस मिनिटं तिथे बरोबर लागू पडतात.